साडेआठ ते नऊ: अर्ध्या-अर्ध्या तासाचा कॉलचा अंदाज आणि एर्लांगच्या हिशेबाने किती एजंट बसवायचे

दिवसाला सातशेच्या आसपास कॉल येतात, एक एजंट दिवसात साठ कॉल सहज घेतो, म्हणजे बारा माणसं झाली की काम भागलं. छोट्या हेल्पलाइनवर मनुष्यबळाचा हिशेब बहुतेक ठिकाणी असाच मांडला जातो. भागाकार बरोबर असतो, तरी सकाळी साडेआठला रांग लागते आणि अकराला निम्मे एजंट हेडफोन लावून नुसते बसलेले असतात. कारण कॉल दिवसाला येत नाहीत, ते वेळेला येतात. म्हणून अंदाज दिवसाचा नाही, अर्ध्या तासाचा करायचा आणि एजंटही अर्ध्या तासाच्या मापानेच ठरवायचे.

हिशेबासाठी एक केंद्र डोळ्यासमोर ठेवू. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी चालणारी शेतकरी सल्ला हेल्पलाइन, वेळ सकाळी सात ते रात्री नऊ, म्हणजे अर्ध्या तासाचे २८ टप्पे. कॉल करणारा सोयाबीन, पऱ्हाटी आणि तूर करणारा शेतकरी. आकडे उदाहरणाचे आहेत, पण प्रमाणं अशा केंद्रावर दिसतात तशीच धरली आहेत. आपल्याला जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या सोमवारचा अंदाज काढायचा आहे, आणि त्यातला सकाळी ८:३० ते ९:०० हा टप्पा शेवटपर्यंत तपशीलात पाहायचा आहे. सगळ्या दिवसात अडचणीचा टप्पा तोच. नऊच्या सुमारास माणसं वावरात जायला निघतात, म्हणून जे काही विचारायचं ते त्याआधी.

आधी आकडे स्वच्छ करा

कॉल वाटप करणारी एसीडी प्रणाली रोजचा अहवाल देते. त्यातला 'उत्तर दिलेले कॉल' हा रकाना उचलून अंदाज करणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. ज्या अर्ध्या तासात माणसं कमी होती, त्यात उत्तर दिलेले कॉलही कमीच दिसणार. त्यावरून पुढच्या आठवड्याचा अंदाज केला की पुन्हा कमीच माणसं बसतात आणि तुटवडा कायमचा होऊन बसतो. म्हणून घ्यायचे ते आलेले कॉल, म्हणजे उत्तर दिलेले अधिक वाट पाहून सोडून दिलेले. तेही ज्या टप्प्यात कॉल आला त्या टप्प्यात मोजायचे. ८:५८ ला आलेला कॉल ९:०२ ला उचलला असेल तर तो साडेआठच्या टप्प्यातलाच.

आता दुसरी बाजू. आलेल्या कॉलमध्ये एकाच गरजेचे तीन-तीन कॉल असतात. नोंदीत हे असं दिसतं: एकाच नंबरवरून ८:३४ ला कॉल, ४० सेकंद वाट पाहून सोडला, ८:३६ ला परत, पुन्हा सोडला, ८:४१ ला परत, या वेळी एजंट मिळाला, चार मिनिटं बोलणं झालं. नोंदी तीन, पण शेतकरी एक आणि काम एकाच कॉलचं. माणसं पुरेशी असती तर पहिल्याच वेळी बोलणं झालं असतं. म्हणून एक नियम ठरवून घ्यावा: त्याच नंबरवरून अर्ध्या तासाच्या आत पुन्हा कॉल आला असेल, तर आधीचे सोडलेले कॉल वगळायचे आणि पहिल्या कॉलच्या वेळेला एकच कॉल धरायचा. आपल्या उदाहरणात गेल्या सोमवारी या टप्प्यात ४९ नोंदी होत्या, साफ केल्यावर ४० राहिल्या. नऊ कॉलचा हा फरक किती महत्त्वाचा ते पुढे कळेलच.

ग्रामीण भागात यात एक पोटभेद आहे, आणि तो सांभाळला पाहिजे. बोलता बोलता रेंज गेली, कॉल तुटला आणि शेतकऱ्याने परत लावला, तर तो वगळायचा नाही. तिथे दोन्ही वेळा एजंटचा वेळ खर्च झालेला आहे. अशा तुटलेल्या कॉलमुळे कॉलची संख्या फुगते आणि सरासरी वेळ घटतो, पण दोन्हींचा गुणाकार साधारण तोच राहतो. हिशेबाला लागतो तो गुणाकारच, म्हणून घाबरायचं कारण नाही. फक्त संख्या एका पद्धतीने आणि वेळ दुसऱ्या पद्धतीने मोजू नका.

आणखी एक जागा अशी, की जी अहवालात दिसतच नाही. सगळ्या लाइनी भरल्या असतील तर पुढच्या शेतकऱ्याला 'व्यस्त' ऐकू येतं आणि त्याचा कॉल एसीडीपर्यंत पोचतच नाही. पीआरआय ही केंद्रांना मिळणारी डिजिटल टेलिफोन लाइन, तिच्यावर ३० बोलणी एका वेळी चालतात, म्हणजे ३० चॅनल. रांगेत थांबलेले कॉलही चॅनल अडवून बसतात, म्हणून त्याहून कमी चॅनल घेतले असतील तर ते लवकर भरतात. गर्दीच्या टप्प्यात आलेल्या कॉलचा आलेख वर जाऊन एका उंचीवर सपाट झालेला दिसला, तर तो शेतकऱ्यांचा कल नाही, तुमच्या लाइनींची मर्यादा आहे. टेलिफोन पुरवठादाराकडून व्यस्त गेलेल्या कॉलचा आकडा मागून घ्या.

दिवसाचा अंदाज

सरळ अर्ध्या तासाचा अंदाज करायला गेलं की आकडे इतके लहान असतात की योगायोगच जास्त दिसतो. म्हणून आधी दिवसाचा एकूण आकडा काढायचा आणि मग तो टप्प्यांत वाटायचा.

मागचे चार सोमवार, साफ केलेले आकडे: ५८८, ६१२, ९४१, ६३०. यातला ९४१ चा सोमवार पहिला चांगला पाऊस शनिवार-रविवारी पडल्यानंतरचा. त्या दिवशी फोनवर एकच प्रश्न होता: "मॅडम, पाणी त् आलं जी, आता पेरू का थांबू?" कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका असं सांगतो, पण आपल्या गावात नेमका किती पडला आणि ओल किती खोल गेली हे ज्याला-त्याला विचारायचं असतं. हा आकडा सरासरीत धरला तर पुढचे सोमवार विनाकारण जड दिसतील. पण तो फेकूनही देऊ नका. पहिल्या पावसाचे दिवस, दुबार पेरणीची पाळी आलेला आठवडा, पीकविमा भरायच्या शेवटच्या तारखा, पोळा, अशा दिवसांची वेगळी वही ठेवा आणि त्यात दिवसाच्या एकूण आकड्यासोबत कोणत्या वेळेला किती कॉल आले तेही लिहा. पुढच्या वर्षी पहिला पाऊस आला की सरासरी काढायची नाही, ही वही उघडायची.

उरलेल्या तीन सोमवारांची बेरीज १,८३०, सरासरी ६१०. आता कल पाहायचा. गेल्या आठवड्यातले मंगळवार ते शनिवार हे दिवस आपापल्या नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेअकरा टक्क्यांनी वर होते. कारणही समजण्यासारखं आहे. पेरण्या उरकल्या, सोयाबीन साधारण आठवड्याभरात जमिनीवर येतं, आणि मग उगवण विरळ झाली, पेरणीच्या ओळींत खाडे पडले, तण माजलं असे प्रश्न सुरू होतात. म्हणून ६१० ला १.११५ ने गुणलं, ६८० आले. कारण सांगता येत असेल तरच अशी वाढ धरावी. नुसता आकडा वर गेलेला दिसतो म्हणून वाढवत गेलं, तर अंदाज मागच्या आठवड्याच्या मागे धावत राहतो.

दिवस टप्प्यांत वाटणे

त्याच तीन सोमवारी साडेआठच्या टप्प्यात ३५, ३३ आणि ४० कॉल होते, बेरीज १०८. एकूण १,८३० मध्ये हा वाटा ५.९ टक्के. सोमवारच्या ६८० कॉलचे ५.९ टक्के म्हणजे ४० कॉल. पुढच्या ९:०० ते ९:३० या टप्प्याचा वाटा २.९ टक्के निघाला, म्हणजे २० कॉल. एका अर्ध्या तासात निम्म्यावर. असेच २८ वाटे काढायचे आणि त्यांची बेरीज १०० होते ना ते पाहायचं.

वाटे काढताना तीन दिवसांवर अवलंबून राहणं थोडं धोक्याचं आहे, कारण एका टप्प्यात ३३ की ४० हा बराचसा योगायोग असतो. सोमवार ते शुक्रवार दिवसाची चाल सारखीच असेल तर पाचही दिवसांचे वाटे एकत्र करून काढा, जास्त स्थिर मिळतात. आधी सगळ्या दिवसांचे आलेख एकावर एक ठेवून पाहा. एखादा दिवस वेगळा चालत असेल तर तो बाजूला काढा.

आठवडी बाजाराचा प्रश्न इथे हमखास येतो. बाजाराच्या दिवशी माणसं सकाळी तालुक्याला येतात आणि कृषी केंद्राच्या काउंटरवर उभं राहून फोन लावतात, म्हणून त्या गावांचे कॉल सकाळऐवजी अकरा-बाराला सरकतात. पण प्रत्येक गावाचा बाजार वेगळ्या वाराला. तुमचे कॉल चार-पाच तालुक्यांतून येत असतील तर हा परिणाम एकमेकांत मिसळून नाहीसा होतो. कॉल एकाच तालुक्याचे असतील तरच बाजाराच्या दिवसाचे वाटे वेगळे ठेवावे लागतात.

एका कॉलला लागणारा वेळ

एजंट एका कॉलमध्ये किती वेळ अडकतो ते मोजायचं: बोलणं, होल्ड आणि कॉल संपल्यावर नोंद करायचा रॅप-अप, तिन्ही मिळून. आपल्याकडे बोलणं २५५ सेकंद, होल्ड १५, रॅप-अप ४५, एकूण ३१५ सेकंद. रॅप-अप विसरला तर हिशेबातला प्रत्येक सातवा सेकंद गळतो.

हा वेळही टप्प्याटप्प्याचा काढायचा, आणि काढताना टप्प्यातले एकूण सेकंद भागिले टप्प्यातले एकूण कॉल असा. वेगवेगळ्या एजंटांच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढू नका. दिवसाला पाच कॉल घेणाऱ्या नवीन मुलीचा वेळ आणि साठ कॉल घेणाऱ्या जुन्या एजंटचा वेळ त्यात सारख्या वजनाने धरला जातो. हंगाम बदलला की वेळही बदलतो. 'पेरू का' याचं उत्तर लवकर संपतं. पानांवर डाग पडलेत म्हटल्यावर कोणत्या पानांवर, कोणत्या रंगाचे, आधी काय फवारलं, इतकं विचारावं लागतं. म्हणून सरासरी वेळ मागच्या दोन-तीन आठवड्यांचाच घ्या, वर्षाचा नको.

आता एर्लांग

ए. के. एर्लांग हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ. कॉल आपल्या मर्जीने, एकमेकांशी न ठरवता येतात, तेव्हा रांग किती लागेल याचं सूत्र त्यांनी १९१७ मध्ये मांडलं. कामाचा भार मोजायच्या एककाला त्यांचंच नाव आहे. एक एर्लांग म्हणजे एक माणूस पूर्ण वेळ, क्षणभरही रिकामा न राहता गुंतलेला.

आपला भार: ४० कॉल गुणिले ३१५ सेकंद भागिले अर्ध्या तासाचे १,८०० सेकंद. उत्तर बरोबर ७ एर्लांग.

इथे पहिला मोह होतो सात माणसं बसवायचा. सात माणसं म्हणजे कुणीही श्वास न घेता काम करायचं आणि कॉल मोजून-मापून एकामागे एक यायचे. तसे ते येत नाहीत. दोन मिनिटांत सात येतात, मग दोन मिनिटं एकही नाही. रिकामी गेलेली दोन मिनिटं परत मिळत नाहीत आणि जमलेली रांग मात्र पुढे सरकत जाते. सातावर सात ठेवले तर सूत्राप्रमाणे रांग वाढतच राहते. सातच्या वर किती हवेत हे एर्लांग-सी सूत्र सांगतं. त्यासाठी विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही, साध्या शीटमध्ये होतं. B1 मध्ये कॉल, B2 मध्ये सरासरी सेकंद, B4 मध्ये एजंट आणि B5 मध्ये किती सेकंदांत फोन उचलायचा ते लिहा. बाकीच्या खान्यांत ही सूत्रं:

```
B3: =B1*B2/1800
B6: =POISSON.DIST(B4,B3,FALSE)/(POISSON.DIST(B4,B3,FALSE)+(1-B3/B4)*POISSON.DIST(B4-1,B3,TRUE))
B7: =1-B6*EXP(-(B4-B3)*B5/B2)
B8: =B6*B2/(B4-B3)
B9: =B3/B4
```

B3 मध्ये भार येतो. B6 सांगतं की कॉल करणाऱ्याला थांबावं लागण्याची शक्यता किती. B7 म्हणजे सर्व्हिस लेव्हल, ठरलेल्या सेकंदांत उचलल्या जाणाऱ्या कॉलचा वाटा. B8 सरासरी थांबायचा वेळ आणि B9 ऑक्युपन्सी, म्हणजे एजंटचा किती वेळ कामात जातो ते. B4 हा आकडा B3 पेक्षा मोठाच असला पाहिजे, नाहीतर शीट निरर्थक उत्तरं देते.

कॉल सेंटरमध्ये रूढ लक्ष्य ८०/२०, म्हणजे ८० टक्के कॉल २० सेकंदांत उचलायचे. तेच धरून B4 मध्ये आठपासून एकेक वाढवत गेलं की हे मिळतं:

| एजंट | २० सेकंदांत उचललेले | सरासरी थांबणं | ऑक्युपन्सी |
|---|---|---|---|
| ८ | ४० टक्के | २०० सेकंद | ८७.५ टक्के |
| ९ | ६६ टक्के | ६१ सेकंद | ७८ टक्के |
| १० | ८२ टक्के | २३ सेकंद | ७० टक्के |
| ११ | ९१ टक्के | १० सेकंद | ६४ टक्के |

दहा एजंट हवेत. पण उत्तराइतकीच चाल पाहा. आठवरून नऊ केल्यावर थांबणं तीन मिनिटांवरून एका मिनिटावर आलं. दहावरून अकरा केल्यावर वाचले तेरा सेकंद. गर्दीच्या टप्प्यातला पहिला जास्तीचा माणूस जेवढं काम करतो तेवढं पुढचा करत नाही, म्हणून एक माणूस कुठे हलवायचा हा निर्णय नेहमी टप्पा पाहूनच घ्यायचा.

दहा एजंट तीस टक्के वेळ मोकळे राहतात हे पाहून वरून प्रश्न येतो, 'इतकी माणसं रिकामी कशाला?' छोट्या केंद्रात ते टळत नाही. मोठ्या केंद्रात शंभर माणसांवर कॉलचे चढ-उतार एकमेकांत जिरतात आणि नव्वद टक्के ऑक्युपन्सीवरही रांग आटोक्यात राहते. दहा माणसांच्या केंद्राला तो फायदा नाही. पुण्या-मुंबईच्या केंद्रात चालणारा ऑक्युपन्सीचा आकडा इथे लक्ष्य म्हणून लावला, तर तो थेट रांगेतून वसूल होतो.

अर्धा तासच का

साडेआठला ४० कॉल आणि नऊला २० कॉल. तासाचा हिशेब करणारा ६० कॉल धरतो, म्हणजे अर्ध्या तासाला सरासरी ३०, भार ५.२५ एर्लांग. शीटमध्ये टाकलं की आठ एजंटांवर ८३ टक्के दिसतात. तो निश्चिंतपणे पूर्ण तास आठ माणसं ठेवतो.

प्रत्यक्षात साडेआठच्या टप्प्यात आठ माणसांवर ४० टक्केच कॉल वेळेत उचलले जातात आणि नऊच्या टप्प्यात ९८ टक्के. कॉलच्या संख्येने वजन देऊन तासाचा आकडा निघतो जेमतेम ६० टक्के. त्याऐवजी टप्प्याटप्प्याने पाहिलं तर साडेआठला दहा आणि नऊला सहा लागतात. सहा एजंट २० कॉलवर ८५ टक्के देतात. तासाचा आकडा ८३ टक्के. दोन्हीकडे माणसांचा एकूण वेळ तोच, आठ अधिक आठ किंवा दहा अधिक सहा. एक रुपयाही जास्त खर्च न करता ६० चे ८३ झाले, फक्त दोन माणसांचा चहा किंवा फेरकॉलचं काम साडेआठऐवजी नऊला ठेवून.

मग पंधरा मिनिटांचे टप्पे का नको? आपल्या आकाराच्या केंद्रात पंधरा मिनिटांत दहा-वीस कॉल येतात. तिथे अंदाजापेक्षा योगायोग मोठा होतो आणि माणसं पंधरा-पंधरा मिनिटांनी हलवताही येत नाहीत. पाच मिनिटांचे कॉल असतील तर अर्धा तास हे माप योग्य बसतं.

खुर्चीवर दहा, तर हजेरीपटावर किती

एर्लांगने सांगितलेले दहा म्हणजे त्या अर्ध्या तासात प्रत्यक्ष कॉल घ्यायला बसलेले दहा. रजा, गैरहजेरी, प्रशिक्षण, चहा-जेवण याला श्रिंकेज म्हणतात. श्रिंकेज ३० टक्के असेल तर दहाचे तेरा करून चालत नाही. तेरा माणसांतून ३० टक्के गेले की नऊच उरतात. दहाला ०.७० ने भागायचं: १४.३, म्हणजे पंधरा.

पण सगळ्या टप्प्यांना एकच श्रिंकेज लावायचं कारण नाही. साडेआठला कुणाचाही चहा ठेवलेला नसेल आणि प्रशिक्षण दुपारी असेल, तर उरते फक्त रजा आणि गैरहजेरी, समजा १५ टक्के. दहा भागिले ०.८५ म्हणजे बारा. श्रिंकेजही अर्ध्या तासाने लिहिलं की तीन माणसं वाचली. उलट अकराच्या टप्प्यात चहाच्या पाळ्या आल्या की तिथे तीस टक्केच धरावं लागतं.

एक गोष्ट इथल्या केंद्रांना विशेष लागू आहे. एजंट म्हणून बसलेल्या मुला-मुलींच्या घरीही शेती असते. ज्या आठवड्यात कॉल सगळ्यात जास्त, त्याच आठवड्यात घरच्या पेरणीसाठी रजेचे अर्जही सगळ्यात जास्त. वर्षाची सरासरी गैरहजेरी लावून जूनचा हिशेब केला तर तो जूनमध्येच कोसळतो. गेल्या वर्षीच्या जून-जुलैचा हजेरीपट काढा आणि त्या महिन्यांची टक्केवारी वेगळी लिहा. सकाळची एसटी उशिरा आली की सातची शिफ्ट साडेसातला भरते, हेही हजेरीच्या वेळांत दिसतं. तेवढं श्रिंकेज पहिल्या टप्प्याला लावावं.

२८ टप्प्यांचे २८ आकडे तयार झाले की शिफ्टी त्यावर बसवायच्या. आठ तासांची शिफ्ट २८ आकड्यांवर तंतोतंत बसत नाही, कुठेतरी एक-दोन माणसं जास्त होणारच. तो जास्तीचा भाग कॉल कमी असलेल्या टप्प्यांत पडू द्या आणि चहा, जेवण, फेरकॉल तिथेच सरकवा. एक छोटी चार तासांची सकाळची शिफ्ट, साडेसात ते साडेअकरा, मिळाली तर साडेआठचा डोंगर सगळ्यात स्वस्तात उतरतो.

सूत्र कुठे फसतं

एर्लांग-सी धरून चालतं की रांगेतला कुणीच फोन ठेवत नाही. वास्तवात ठेवतात. त्यामुळे माणसं पुरेशी असताना सूत्र खरं बोलतं, पण तुटवडा असताना थांबण्याचा वेळ फुगवून सांगतं. आठ एजंटांवर २०० सेकंद आलं, त्याचा अर्थ शेतकरी खरोखर सरासरी २०० सेकंद थांबतील असा नाही. त्यातले बरेच मिनिटभरात फोन ठेवतील आणि परत लावतील. ज्यांना तुटवड्यातला आकडाही नेमका हवा आहे त्यांनी लोकांची सहनशीलता हिशेबात धरणारं एर्लांग-ए हे सूत्र वापरावं.

दुसरं, सूत्र सगळे एजंट सारखे मानतं. तुमच्याकडे पिकांचा सल्ला एका गटाकडे आणि योजना-अनुदानाचे कॉल दुसऱ्या गटाकडे जात असतील, तर दोन्हींचा भार एकत्र करून एकच आकडा काढू नका. दोन रांगा म्हणजे दोन हिशेब, आणि दोन लहान रांगांना मिळून एका मोठ्या रांगेपेक्षा जास्त माणसं लागतात.

तिसरं, अंदाजच चुकला तर. समजा साडेआठचा खरा दर ४० नसून ४६ होता. दहा एजंटांवर ८२ टक्क्यांचे ६३ होतात आणि थांबणं २३ सेकंदांवरून ६८ वर जातं. सहा कॉलचा फरक, पण थांबणं तिप्पट. साफसफाईत नऊ कॉलसाठी इतकं अडून बसलो ते यासाठीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी

एका सोमवारी साडेआठला ४० च्या जागी ४६ कॉल आले म्हणून अंदाज चुकला असं लगेच म्हणायचं नाही. सरासरी ४० असलेल्या टप्प्यात कॉल इकडे-तिकडे होतात ते साधारण ४० च्या वर्गमुळाइतके, म्हणजे सहा-सव्वासहा. ३४ ते ४६ ही स्वाभाविक हालचाल आहे आणि एर्लांग-सी ने ती आधीच धरलेली आहे. अंदाज चुकल्याची खूण वेगळी असते. सलग पाच-सहा टप्पे एकाच बाजूला, सगळे वर किंवा सगळे खाली. किंवा दिवसाचा आकडा ६८० च्या जागी ७४० येतो. ६८० चं वर्गमूळ २६ आहे, तेव्हा साठचा फरक नुसता योगायोग म्हणून सोडता येत नाही. टप्पे सगळे एका बाजूला असतील तर दिवसाचा अंदाज चुकला. सकाळचे वर, दुपारचे खाली असतील तर दिवस बरोबर, वाटे चुकले. दुरुस्ती त्यानुसार.

सर्व्हिस लेव्हल ८२ ऐवजी ७० आली तर तीन गोष्टी याच क्रमाने पाहा. कॉल अंदाजाइतके होते का? होते, तर सरासरी वेळ ३१५ च राहिला का, की नवीन कीड आल्यामुळे ३५० झाला? तोही ठीक असेल, तर लॉगिनचा अहवाल काढा आणि ८:३० ते ९:०० मध्ये खरोखर किती जण कॉल घेण्याच्या स्थितीत होते ते मिनिटांत मोजा. दहाही जण हजेरीपटावर असतात, पण एकाचं मशीन ८:४० ला सुरू झालेलं असतं आणि दुसरा रॅप-अपमध्ये सहा मिनिटं थांबलेला असतो. दोघांची मिळून सोळा मिनिटं गेली की त्या अर्ध्या तासात तुमच्याकडे दहा नव्हे, साडेनऊ माणसं होती.